ओळखीचे वाटणारे अनोळखी शब्द

बचत गटाच्या कामानिमित्त मी तुमच्यातल्या बऱ्याच जणींना भेटत असते, पण आज गटाच्या हिशेबाबद्दल बोलायचं नाही. हिशेबात जे शब्द येतात त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्या गावाशेजारी एमआयडीसी झाल्यापासून खोल्याखोल्यांतून बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातली कुटुंबं राहायला आली. त्यांतल्या बायका आता आपल्या गटांत सभासद आहेत. मराठी शिकायचा त्यांचा वेग पाहून मला तर नवल वाटतं. सहा महिन्यांत बाजारहाट मराठीत करतात, वर्षभरात भांडतातसुद्धा! लिपी एकच, निम्मेअधिक शब्द सारखे, त्यामुळे हिंदीवाल्या बहिणींना मराठी सोपी जाते हे खरंच आहे. पण अडचण या सारखेपणातच आहे.

असं बघा, एखादा शब्द अगदीच नवा असला, समजा ‘उंबरठा’, तर शिकणारी बाई लगेच विचारते, “ताई, उंबरठा मतलब?” शब्द कळला नाही हे तिला कळलेलं असतं. पण ‘सही’ हा शब्द कानावर पडला तर ती विचारत नाही. तो तिला लहानपणापासून माहीत आहे. तिच्या मनात अर्थ उमटतो, आणि तो चुकीचा असतो. समोरच्या बाईलाही वाटतं, हिला समजलं. दोघीही समाधानी, आणि घोटाळा मात्र झालेला. म्हणून मी म्हणते, न कळलेल्या शब्दापेक्षा हा चुकीचा कळलेला शब्द जास्त जपून हाताळावा लागतो.

आता ‘सही’पासूनच सुरुवात करू, कारण गटात आल्या दिवसापासून हा शब्द भेटतो. मासिक बैठक संपली की सचिव वही पुढे करते आणि म्हणते, “इथे सही करा.” हिंदीत सही म्हणजे बरोबर, योग्य. ‘सही करो’ म्हणजे चुकलेलं दुरुस्त करा. आमच्या एका नव्या सभासदाने वही हातात घेतली, स्वतःच्या नावाची ओळ वाचली, आणि घाबरून म्हणाली, “इसमें गलत क्या है?” तिला वाटलं, आपल्या बचतीच्या आकड्यात काहीतरी चूक आहे आणि ती आपल्याकडून दुरुस्त करून हवी आहे.

शब्द मूळचा एकच आहे. अरबी-फारसीतून आला, अर्थ खरा, बिनचूक. हिंदीने तो अर्थ तसाच ठेवला. आपल्याकडे मात्र तो कागदावर जाऊन बसला. मजकूर खरा आहे, मला मान्य आहे, अशी खूण म्हणजे सही. पुढे खूण करण्यालाच सही म्हणायला लागलो. आता गंमत अशी की, हिंदीत सहीला म्हणतात ‘हस्ताक्षर’. आणि मराठीत हस्ताक्षर म्हणजे काय? अक्षर, हाताचं वळण. शाळेत सुंदर हस्ताक्षर स्पर्धा असते ना, ते. त्यामुळे इथे फसगत दोन्हीकडून होते. बँकेचे बरेच फॉर्म मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापलेले असतात. चौकटीखाली हिंदीत ‘हस्ताक्षर’ आणि मराठीत ‘स्वाक्षरी’ किंवा ‘सही’ असं लिहिलेलं असतं. आपल्या मराठी बायकांनीही हे लक्षात ठेवावं: नुसत्या हिंदी फॉर्मवर ‘आवेदक के हस्ताक्षर’ असं दिसलं तर तिथे चांगल्या अक्षरात पत्ता लिहायचा नाही, सही करायची.

मग हिंदीतल्या ‘सही’ला मराठीत काय म्हणायचं? ‘बरोबर’. आणि हा शब्द पुन्हा हिंदीतल्या ‘बराबर’सारखा! हिंदीत बराबर म्हणजे समान, सारखं. दोघींचा हिस्सा बराबर. मराठीत त्याला आपण ‘सारखा’ किंवा ‘समान’ म्हणतो. तेव्हा सचिव म्हणाली, “तुझा हिशेब बरोबर आहे,” तर त्याचा अर्थ तुझी बचत आणि तुझं कर्ज सारखं झालं, फिटंफिट झाली, असा नाही. हिशेबात चूक नाही, एवढाच अर्थ. कर्ज बाकी असू शकतं. हा फरक एखादीने नीट घेतला नाही तर ती पुढच्या महिन्यात परतफेडीचे पैसे आणणारच नाही, आणि तिच्या दृष्टीने तिचं काही चुकलेलंही नसेल. शिवाय ‘बरोबर’चा मराठीत दुसरा अर्थ ‘सोबत’. “माझ्याबरोबर बँकेत चल.” हा ओळखायला सोपा आहे, कारण तो नावाला किंवा ‘माझ्या’, ‘तिच्या’ला चिकटून येतो. सुटा आला तर बहुतेक वेळा अर्थ ‘योग्य’.

आता ज्या शब्दासाठी मी खरं तर हा विषय घेतला, तो सांगते. ‘हप्ता’.

हिंदीत हफ्ता म्हणजे आठवडा. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात, त्यावरून सात दिवसांचा हफ्ता. मराठीत हप्ता म्हणजे ठरावीक मुदतीने भरायची रक्कम. मग ती महिन्याने असो, तीन महिन्यांनी असो, वर्षाने असो. विम्याचा हप्ता, गाडीचा हप्ता, कर्जाचा हप्ता. हिंदीत त्याला ‘किस्त’ म्हणतात. लिहिताना फ आणि प चा फरक दिसतो, पण बोलताना आपण कुठे एवढं नीट बोलतो? ऐकणारीला तो एकच शब्द वाटतो. (गुंड दुकानदारांकडून वसूल करतात तो ‘हफ्ता’ मात्र मुंबईच्या बोलीतून हिंदी सिनेमात गेला, तेवढा त्यांनाही ठाऊक असतो.)

एका गटात काय झालं ते आकड्यांसकट सांगते. एका सभासदाला शिलाई मशीन आणि थोडं कापड घ्यायला 12,000 रुपये हवे होते. गटाचा अंतर्गत कर्जाचा दर महिन्याला शेकडा 1 रुपया, राहिलेल्या मुद्दलावर. मुदत 12 महिने. बैठकीत तिला सांगितलं गेलं, “हप्ता हजार रुपये, अधिक व्याज. बारा हप्ते.” तिने मान हलवली. घरी गेली, नवऱ्याशी बोलली आणि पुढच्या बैठकीत म्हणाली, “मला कर्ज नको.”

सगळ्यांना वाटलं, घरच्यांनी नाही म्हटलं असेल. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. पण त्या गटाची कोषाध्यक्ष चिवट बाई आहे. तिने विचारलं, “तुला किती भरायचं होतं, ते तू सांग बरं.” तेव्हा ती बोटांवर मोजत म्हणाली, “हर हफ्ते हजार. महीने का चार हजार, ऊपर से ब्याज. कहाँ से लाऊँ?” तिच्या हिशेबाने कर्ज बारा आठवड्यांत, म्हणजे तीन महिन्यांत फेडायचं होतं. महिन्याला दीड हजार बाजूला काढता येतील एवढीच त्या घराची ऐपत होती. तिने नाही म्हटलं ते शहाणपणानेच म्हटलं होतं.

आणि तिला तसं वाटण्याला आणखी एक कारण होतं. खोल्यांवर येऊन कर्ज देणाऱ्या काही फायनान्स कंपन्या खरोखरच दर आठवड्याला वसुली करतात. तिच्या शेजारणी तसे पैसे भरत होत्या. तेव्हा ‘हप्ता’ आणि ‘हफ्ता’ हे तिच्या डोळ्यांसमोर रोज एकच होत होतं.

खरा हिशेब असा होता. पहिल्या महिन्याला मुद्दल 1,000 आणि 12,000 वर व्याज 120, मिळून 1,120. दुसऱ्या महिन्याला मुद्दल 11,000 राहिलं, व्याज 110, मिळून 1,110. असं दर महिन्याला दहा-दहा रुपयांनी कमी होत शेवटच्या महिन्याला 1,010. वर्षभराचं सगळं व्याज 780 रुपये. हे तिच्या ऐपतीत बसत होतं. दरम्यान तिने ओळखीच्या एका माणसाकडे विचारणा केली होती. तो महिन्याला शेकडा 5 ने द्यायला तयार होता, आणि मुद्दल ‘जब हो तब देना’. त्यात दर महिन्याला फक्त 600 द्यायचे म्हणून तिला ते हलकं वाटलं. पण वर्षभरात 7,200 रुपये व्याजात गेले असते आणि 12,000 चं मुद्दल जसंच्या तसं उभं राहिलं असतं. एका शब्दापायी ही वेळ आली होती. कोषाध्यक्षाने तिला तारखांसकट कागदावर बारा ओळी लिहून दिल्या, आणि तिने कर्ज घेतलं.

त्यानंतर त्या गटाने एक साधी सवय लावली, ती मला फार आवडली. ‘हप्ता’ हा शब्द एकटा बोलायचाच नाही. ‘महिन्याचा हप्ता’ म्हणायचं, आणि लगेच तारीख सांगायची, “दर महिन्याच्या दहा तारखेला.” आणि हिंदीवाल्या सभासदाला “समजलं का?” असं विचारायचं नाही, कारण त्याला उत्तर ‘हो’च येतं. “कधी आणि किती भरायचे, तू सांग,” असं विचारायचं.

जाता जाता एक. हिंदीचा हफ्ता सातावरून आला, आपला आठवडा आठावरून. दिवस तेवढेच! आपण या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही सोमवार धरून मोजतो, म्हणून “आठ दिवसांनी या” म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच वारी या. शिकणाऱ्या बहिणींनी ‘आठ दिवसांनी’ ऐकून सोमवारनंतर मंगळवारी जाऊ नये. नाहीतर दवाखान्यातली तारीख चुकायची.

आता ‘बाद’. हिंदीत बाद म्हणजे नंतर. मराठीत बाद म्हणजे रद्द, वगळलेलं, काढून टाकलेलं. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद होतो, तोच हा. “तुमचा अर्ज बाद झाला,” असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं आणि ऐकणारी हिंदी बोलणारी असली तर तिच्या कानात ‘बाद’ एवढंच राहतं. तिला वाटतं, नंतर होईल, बाद में. ती घरी जाते आणि वाट बघत बसते. इकडे दाखला अपुरा म्हणून नाकारलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा द्यायची मुदत निघून जाते. तेव्हा बहिणींनो, मराठीत ‘बाद’ ऐकलं की थांबायचं नाही, “का बाद झाला? काय आणू?” हे तिथेच विचारायचं. ‘नंतर’साठी मराठीत ‘नंतर’ किंवा ‘मग’ आहे. “जेवणानंतर गोळी घ्या,” “मीटिंग झाल्यावर या.” ओळखायची एक खूण सांगते. मराठीत ‘बाद’च्या पुढे ‘होणे’ किंवा ‘करणे’ येतं: बाद झाला, बाद केलं. हिंदीतल्या बाद च्या मागे सहसा ‘के’ असतो किंवा पुढे ‘में’ असतो. ‘के’ नाही, ‘में’ नाही आणि पुढे ‘झाला’ आहे, म्हणजे काम अडलं.

‘व्यवहार’ या शब्दाने तर आमच्या एका गटात दोन महिने अबोला झाला. बँक गटाला कर्ज देण्याआधी गट निदान सहा महिने नीट चालू आहे का, बचत आणि परतफेड नियमित आहे का, हे वह्यांवरून पाहते. त्या तयारीत अध्यक्षबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “हिचा व्यवहार जरा बघायला पाहिजे, मागच्या दोन महिन्यांत नीट नाही.” त्यांना म्हणायचं होतं, हिच्या पासबुकातल्या नोंदी जुळत नाहीत. हिंदीत व्यवहार म्हणजे वागणूक. ‘उसका व्यवहार ठीक नहीं’ म्हणजे बाई वागायला बरी नाही. चारचौघींत आपल्या चालचलणुकीवर बोट ठेवलं असं तिला वाटलं, आणि ते लागणारच! हिंदीतही लेन-देनच्या संदर्भात व्यवहार म्हणतात, नाही असं नाही, पण रोजच्या बोलण्यात पहिला अर्थ येतो तो वागण्याचाच. मराठीत वागण्यासाठी आपण ‘वागणूक’, ‘वागणं’ म्हणतो, आणि व्यवहार म्हटलं की पैशाची देवघेव डोळ्यांपुढे येते. माझं मत विचाराल तर यात शिकणारीपेक्षा बोलणारीनेच बदलावं. ‘पैशांचा व्यवहार’ किंवा सरळ ‘नोंदी’ म्हणावं. दोन शब्द जास्त गेले तरी एक माणूस दुखावत नाही.

मुलांच्या शाळेतला शब्द बहुतेकींना ठाऊक झाला आहे, ‘शिक्षा’. हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. बाई म्हणाल्या, “आज तुमच्या मुलाला शिक्षा केली,” आणि आई हसून म्हणाली, “बहुत अच्छा किया.” यात मौज वाटते, पण मुलगा घरी रडत का आला हे त्या आईला कळत नाही. शब्द संस्कृतातून आला, मूळ अर्थ शिकणं-शिकवणं. ‘चांगला धडा शिकवला’ म्हणताना आपण जे म्हणतो, त्याच वाटेने मराठीत शिकवण्याची शिक्षा झाली असावी. गोंधळात भर घातली ती सरकारी नावाने. 2001 पासून देशभर ‘सर्व शिक्षा अभियान’ आलं, 2018 पासून ‘समग्र शिक्षा’. नाव हिंदीतलं, म्हणून शाळांच्या भिंतींवर मराठी गावातही तेच रंगवलेलं. तेव्हा पाटीवर ‘शिक्षा’ दिसली तर ती हिंदी समजायची, बाईंच्या तोंडी आली तर मराठी. आणि गटाच्या नियमात “गैरहजर राहिल्यास शिक्षा” असं कुणी लिहिलं असेल तर ते खोडून “दहा रुपये दंड” लिहा. दंड दोन्ही भाषांत दंडच आहे.

शेवटचा शब्द आजारपणाचा, आणि हा जरा जपून ऐका. ‘स्वस्थ’. हिंदीत स्वस्थ म्हणजे निरोगी, ठणठणीत. मराठीत स्वस्थ म्हणजे शांत, काही न करता. “स्वस्थ बस” म्हणजे गप्प बस, हलू नको. आशाताई एका घरी गेल्या तेव्हा सासूने मराठीत सांगितलं, “सून सकाळपासून स्वस्थ पडून आहे.” शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या बाईने तेच तिच्या नवऱ्याला फोनवर सांगितलं, “स्वस्थ है.” तो निश्चिंतपणे दुसरी पाळी करायला थांबला. सून बाळंत होऊन आठ दिवसांची, अंगात ताप. आशाताईंनी तिला वेळेवर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, म्हणून निभावलं. बाळंतिणीला ताप येणं, ती नुसती पडून राहणं, हे ताबडतोब दाखवण्यासारखं असतं. मराठीत बरं असल्याचं सांगायचं तर ‘बरी आहे’, ‘तब्येत चांगली आहे’ म्हणतात. ‘प्रकृती’ ऐकलं तर तीही तब्येतच. हिंदीतली प्रकृति, म्हणजे डोंगर-झाडं-पाऊस, तिला आपण निसर्ग म्हणतो. “प्रकृती ठीक नाही” असा निरोप आला तर पाऊस-वादळ आलं नाही, घरचं माणूस आजारी आहे.

अशा शब्दांची वही आमच्या दोन गटांनी ठेवायला घेतली आहे. डाव्या पानावर शब्द, मधे मराठीतलं एक पूर्ण वाक्य, उजवीकडे हिंदीत त्याला काय म्हणतात ते. नुसता शब्द आणि अर्थ लिहिला तर उपयोग होत नाही, वाक्य लागतं, कारण ‘सही’चा अर्थ ‘इथे’ आणि ‘करा’मध्ये बसलेला आहे. आतापर्यंत एकतीस शब्द झालेत. त्यातले निम्मे हिंदीवाल्या सभासदांनी आणलेत, बाजारातून, शाळेतून, दवाखान्यातून. गेल्या बैठकीत एकीने ‘खाली’ आणला. मालकिणीने “डबा खाली ठेव” म्हटल्यावर तिने डब्यातले पोहे ताटात ओतून डबा रिकामा करून ठेवला होता. तुमच्याकडे असा एखादा शब्द असेल तर गटाच्या बैठकीत सांगा, किंवा रेडिओ केंद्रावर चिठ्ठी पाठवा. वाक्यासकट लिहा.